विनिमयपत्र

एका व्यक्तीने दुसरीला ठरावीक रक्कम मागणी होताच किंवा ठरलेल्या मुदतीनंतर देण्याविषयी केलेला लेखी, बिनशर्त व सहीचा आदेश. व्यापारात याला नुसते ‘बिल’ म्हणतात, पाठ्यपुस्तकांत ‘विपत्र’ आणि जुन्या पेढ्यांवर, काहीशा सैलपणे, ‘हुंडी’. भारतात हा व्यवहार परक्राम्य दस्तऐवज अधिनियम, 1881 याने नियंत्रित होतो.

उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक अरबी व्यापारातील ‘सुफ्तजा’ या पत्राला युरोपीय विनिमयपत्राचा पूर्वज मानतात. इतरांच्या मते बाराव्या-तेराव्या शतकांच्या सुमारास जिनोआ व आसपासच्या इटालियन शहरांत, एका नाण्यात पैसे घेऊन दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या नाण्यात फेडण्याचे जे करार नोटरीपुढे होत, त्यांतून ते हळूहळू घडले. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते, कारण त्यात संक्रमणाचे टप्पे कागदोपत्री दाखवता येतात. सुफ्तजाशी साम्य मात्र नाकारता येत नाही. भारतीय हुंडीची परंपरा यांहून स्वतंत्र दिसते. ‘हुंडी’ शब्दाचा संबंध संस्कृत ‘हुण्डिका’शी जोडला जातो. 1881 च्या अधिनियमाने प्राच्य भाषांतील दस्तऐवजांविषयीच्या स्थानिक रूढी सामान्यतः अबाधित ठेवल्या, म्हणून हुंडीला तो सरसकट लागू होत नाही. हुंडी न वटल्यास त्याच गावातील दुसऱ्या पेढीने ती सकारावी म्हणून सोबत दिली जाणारी ‘जिकरी चिठ्ठी’ ही अशीच एक रूढी.

पत्र लिहिणारा तो आदेशक, ज्याला आदेश दिला तो आदेशिती आणि ज्याला पैसे मिळायचे तो आदाता. उधार विक्रीत आदेशक हाच बहुधा आदाता असतो. आदेशितीचे नाव पत्रावर आले एवढ्याने त्याच्यावर त्या पत्राचे दायित्व येत नाही. स्वीकृतीची सही केल्यावरच येते. विचार करण्यासाठी त्याला, सुट्टी वगळून, 48 तास मिळू शकतात. स्वीकृतीपूर्वी आदेशक मुख्य ऋणको असतो. स्वीकृतीनंतर ती जागा आदेशिती घेतो आणि आदेशक जामीनदाराच्या स्थानी जातो. पुढचे सर्व हिशेब या अदलाबदलीवर उभे आहेत.

समजा, इचलकरंजीच्या सूत व्यापाऱ्याने सोलापूरच्या चादर कारखानदारावर 12 मे 2023 रोजी 60,000 रुपयांचे तीन महिने मुदतीचे पत्र काढले आणि ते स्वीकारले गेले. मुदत 12 ऑगस्टला पुरी होते. तीन सवलतीचे दिवस धरले की 15 ऑगस्ट येतो. पण ती सार्वजनिक सुट्टी, म्हणून देय दिनांक आदल्या कामाच्या दिवशी, 14 ऑगस्टला येतो. सुट्टीमुळे तारीख पुढे जाते असे समजून एक दिवस उशिरा पत्र सादर करणे ही नेहमीची चूक.

व्यापाऱ्याने 12 जूनला हे पत्र दरसाल 12 टक्क्यांनी बँकेत वटवले. त्या दिवसापासून 14 ऑगस्टपर्यंत 63 दिवस होतात, म्हणून बँक सुमारे 1,243 रुपये आधीच कापून 58,757 रुपये जमा करील. शालेय उदाहरणांत दोनच महिने धरून 1,200 रुपये काढतात. प्रत्यक्षात बँक दिवस मोजते. वटवताना व्यापारी पत्रामागे सही करून ते बँकेच्या हवाली करतो. त्यामुळे पत्र वटवले तरी त्याची जबाबदारी संपत नाही. देय दिनांकापर्यंत ती ताळेबंदाखाली संभाव्य दायित्व म्हणून दाखवली जाते.

14 ऑगस्टला कारखानदाराने पैसे न दिल्यास पत्राचा अनादर झाला. बँक ते नोटरीकडे नेऊ शकते. नोटरी पत्र पुन्हा सादर करून त्यावर किंवा जोडलेल्या कागदावर अनादराची तारीख, दिलेले कारण आणि आपले शुल्क नोंदवतो. याला नोटिंग म्हणतात. त्यावरून दिलेले औपचारिक प्रमाणपत्र म्हणजे निषेधपत्र. देशी पत्रासाठी दोन्ही ऐच्छिक आहेत. परदेशी पत्रासाठी, ते जेथे काढले तेथील कायद्याने मागितले असल्यास, निषेध आवश्यक ठरतो. वेळेत नोटिंग झाले असेल तर निषेधपत्र नंतर तयार झाले तरी चालते.

नोटिंगपेक्षा अनादराची सूचना महत्त्वाची. बँकेने ती वाजवी वेळेत व्यापाऱ्याला दिली नाही तर, काही अपवाद वगळता, तो दायित्वातून सुटतो. स्वीकारकर्त्या कारखानदाराला मात्र अशी सूचना लागत नाही. नोटरीचे शुल्क 150 रुपये धरल्यास बँक व्यापाऱ्याच्या खात्याला 60,150 रुपये नावे टाकते. व्यापारी आपल्या वहीत कारखानदाराला तितकेच नावे आणि बँकेला जमा लिहितो. वटवणुकीचे 1,243 रुपये या नोंदीत उलटत नाहीत. तो व्यापाऱ्याचाच खर्च राहतो. कारखानदाराच्या वहीत देय विपत्रे खाते 60,000 ने व नोटिंग खर्च 150 ने नावे, तर व्यापारी 60,150 ने जमा. धनादेश न वटल्यास लागणारे कलम 138 येथे लागू नाही. वसुली दिवाणी दाव्याने करावी लागते.