शेवटच्या रुपयावरचा कर : सीमान्त दर आणि सरासरी दर

पगारवाढीचे पत्र हातात पडले की कचेरीत एक शंका हमखास ऐकू येते : "वाढ मिळाली खरी, पण आता मी वरच्या स्लॅबमध्ये गेलो, म्हणजे हातात येणारा पैसा उलट कमीच होणार ना?" या शंकेमागे दोन वेगवेगळ्या दरांची गल्लत आहे. उत्पन्नाच्या शेवटच्या रुपयावर ज्या दराने कर लागतो तो सीमान्त दर, आणि एकूण कराला एकूण करपात्र उत्पन्नाने भागले असता जो निघतो तो सरासरी दर. व्याख्या दोन ओळींच्या असल्या, तरी त्यांचा अर्थ आकडे मांडल्याशिवाय नीट उतरत नाही, म्हणून एक हिशेब पुरता करून पाहू.

समजा, नाशिकच्या एका कारखान्यात अभियंता असलेल्या एका बाईंचा वार्षिक पगार १६,५५,००० रुपये आहे आणि त्यांनी आयकराची नवी पद्धत स्वीकारली आहे. पगारदारांना मिळणारे ७५,००० रुपयांचे स्टँडर्ड डिडक्शन वजा केले, की त्यांचे करपात्र उत्पन्न १५,८०,००० रुपये होते. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी ठरलेल्या दरांनुसार पहिल्या ४ लाखांवर कर नाही. ४ ते ८ लाखांच्या टप्प्यावर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, १२ ते १६ लाखांवर १५ टक्के, १६ ते २० लाखांवर २० टक्के, २० ते २४ लाखांवर २५ टक्के आणि त्यापुढे ३० टक्के असे दर आहेत. यावर ४ टक्के उपकर लागतो. तो हिशेब सोपा राहावा म्हणून सुरुवातीला बाजूला ठेवू.

बाईंच्या उत्पन्नाचा प्रत्येक तुकडा आपापल्या टप्प्यात जाऊन बसतो. दुसऱ्या टप्प्यातल्या ४ लाखांवर २०,००० रुपये, तिसऱ्यातल्या ४ लाखांवर ४०,००० रुपये आणि चौथ्या टप्प्यात पोहोचलेल्या ३,८०,००० रुपयांवर १५ टक्क्यांनी ५७,००० रुपये, असा एकूण १,१७,००० रुपये कर होतो. त्याला १५,८०,००० ने भागले, की ७.४ टक्के हा सरासरी दर मिळतो. सीमान्त दर मात्र १५ टक्के आहे, कारण याच्या पुढे त्यांनी कमावलेला पहिला रुपया चौथ्या टप्प्यातच पडणार आहे.

आता त्यांना ६०,००० रुपयांची वाढ मिळते आणि करपात्र उत्पन्न १६,४०,००० रुपयांवर जाते. कचेरीतल्या शंकेनुसार आता सगळ्याच उत्पन्नावर २० टक्के लागायला हवेत, म्हणजे ३,२८,००० रुपये. त्याच समजुतीने आधीचा कर १५ टक्क्यांनी २,३७,००० रुपये होता. कर ९१,००० रुपयांनी वाढला आणि पगार ६०,००० रुपयांनी, म्हणजे ३१,००० रुपयांचा तोटा. समजूत खरी असती तर भीतीही रास्तच ठरली असती. प्रत्यक्षात वाढीचे पहिले २०,००० रुपये चौथ्या टप्प्यातली उरलेली जागा भरतात आणि त्यांवर ३,००० रुपये कर लागतो. उरलेले ४०,००० रुपये पाचव्या टप्प्यात जातात आणि त्यांवर ८,००० रुपये लागतात. एकूण कर १,२८,००० रुपये होतो, म्हणजे वाढ ११,००० रुपयांची. उपकरासह ११,४४० रुपये गेले, तरी वाढीतले ४८,५६० रुपये बाईंकडेच राहतात. आधीच्या १५,८०,००० रुपयांवरच्या कराला या वाढीने धक्काही लावलेला नाही.

सरासरी दर यामुळे ७.४ वरून ७.८ टक्क्यांवर गेला. क्रिकेटची आकडेवारी पाहणाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही. ज्या फलंदाजाची सरासरी ४० आहे त्याने पुढच्या डावात ६० धावा काढल्या, तर सरासरी वाढते, पण ती ६० होत नाही. पुढचा डाव म्हणजे सीमान्त दर. तो सरासरीपेक्षा वर असेपर्यंत सरासरीला वर ओढत राहतो, आणि जितके डाव आधी खेळून झालेले असतील तितकी ही ओढ मंद असते. म्हणूनच चढत्या टप्प्यांच्या करपद्धतीत सरासरी दर नेहमी सीमान्त दराच्या मागेच राहतो. "आम्ही तर तीस टक्के कर भरतो" असे सांगणाऱ्या गृहस्थांचे करपात्र उत्पन्न ३० लाख असेल, तर त्यांचा कर ४,८०,००० रुपये होतो आणि सरासरी दर १६ टक्के निघतो. तीस टक्के त्यांच्या फक्त वरच्या ६ लाखांवर लागलेले असतात.

अर्थात, त्यांचे वाक्य एका अर्थाने निरुपयोगीही नाही. सरकारला आपण उत्पन्नाचा किती हिस्सा दिला, या प्रश्नाचे उत्तर सरासरी दर देतो. पण आणखी काम करावे का, ठेव ठेवावी का, एखादी वजावट घ्यावी का, हे ठरवताना सीमान्त दरच पाहावा लागतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भारतात अधिभारासह सर्वोच्च सीमान्त दर ९७.७५ टक्के होता. त्या टप्प्यातल्या माणसाने शंभर रुपये जास्तीचे मिळवले, तर त्याच्या हाती सव्वादोन रुपये उरत. त्याचा सरासरी दर याहून खाली असे, पण पुढचे शंभर रुपये मिळवावेत की नाही, आणि मिळवले तर ते दाखवावेत की नाही, हे तो सव्वादोन रुपयांकडे पाहूनच ठरवणार. १९७४ च्या अर्थसंकल्पात यशवंतराव चव्हाणांनी हा दर ७७ टक्क्यांवर आणला.

आपल्या अभियंता बाईंनी मुदत ठेव ठेवली आणि वर्षाला ८०,००० रुपये व्याज मिळाले, तर हाच भेद त्यांना विवरणपत्र भरताना भेटतो. बँक या व्याजातून १० टक्के, म्हणजे ८,००० रुपये कापून सरकारकडे भरते आणि अनेकांना वाटते की कराचा विषय तिथे संपला. पण हे व्याज पगाराच्या डोक्यावर जाऊन बसते, पाचव्या टप्प्यात; त्यावरचा खरा कर उपकरासह २०.८ टक्क्यांनी १६,६४० रुपये होतो. उरलेले ८,६४० रुपये स्वतः भरावे लागतात. ठेवीचा दर ७ टक्के असेल, तर बाईंच्या दृष्टीने तो करानंतर साधारण साडेपाच टक्केच आहे. इथे ७.८ टक्क्यांच्या सरासरी दराने हिशेब केला, तर ठेव आहे त्यापेक्षा आकर्षक दिसते. पगारातली कपात मात्र सरासरी दरानेच होते. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९२ मध्ये 'सरासरी दर' हाच शब्द आहे : मालकाने वर्षाच्या अंदाजित पगारावरचा कर काढायचा आणि तो पगाराच्या प्रमाणात कापायचा. वर्ष संपत येताना वाढ थकबाकीसह मिळाली, तर तिच्यावरचा सगळा कर उरलेल्या दोनतीन महिन्यांत वसूल होतो आणि पगारचिठ्ठीवरची कपात एकदम फुगते. स्लॅब बदलल्यामुळे पगार कमी झाला, ही समजूत बहुधा याच महिन्यांत पक्की होत असावी.

इतके सांगून झाल्यावर एक कबुलीही दिली पाहिजे. एक जागा अशी आहे की जिथे ती कचेरीतली शंका जवळजवळ खरी ठरते, आणि ती जागा कोणत्याही टप्प्याच्या दरामुळे तयार झालेली नाही. नव्या पद्धतीत निवासी व्यक्तीचे करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर टप्प्यांनुसार होणारा ६०,००० रुपयांपर्यंतचा कर कलम ८७अ च्या रिबेटने माफ होतो. म्हणजे १२,७५,००० रुपये पगार असलेल्या माणसाला काहीच कर नाही. त्याला ५०,००० रुपयांची वाढ मिळाली की तो १२ लाखांची रेघ ओलांडतो आणि माफी जाते. टप्प्यांनुसार त्याचा कर ६७,५०० रुपये होतो, म्हणजे वाढीपेक्षा जास्त. हा अन्याय टाळण्यासाठी मार्जिनल रिलीफची तरतूद आहे : १२ लाखांच्या वर जितके उत्पन्न, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही. त्यामुळे कर ५०,००० रुपयांवर थांबतो. पण या सवलतीनंतर उरलेल्या करावर ४ टक्के उपकर लागतोच, आणि भरायची रक्कम ५२,००० रुपये होते. पन्नास हजारांची वाढ मिळून माणूस दोन हजारांनी मागे गेला.

या पट्ट्यात सीमान्त दर १०४ टक्के आहे. करपात्र उत्पन्न साधारण १२,७०,६०० रुपयांवर पोहोचले, की टप्प्यांचा हिशेब आणि रिलीफचा हिशेब एकमेकांना गाठतात आणि सीमान्त दर पुन्हा १५ टक्क्यांवर, उपकरासह १५.६ वर येतो. उपकरातून झालेला तोटा भरून निघायला आणखी थोडे पुढे जावे लागते. १२,७४,००० रुपयांवर एकूण कर ७३,९४४ रुपये होतो, म्हणजे वाढलेल्या ७४,००० रुपयांतले अवघे ५६ रुपये हाती राहतात. त्या बिंदूवर सरासरी दर काढला तर तो ५.८ टक्के, अगदी निरुपद्रवी दिसतो. सरासरी दराकडेच पाहणाऱ्याला या पट्ट्यात काही विचित्र घडते आहे, याचा पत्ता लागत नाही. परदेशात स्थायिक झालेल्या आणि पुण्यातल्या घराच्या भाड्यावर इथे कर भरणाऱ्या अनिवासी माणसाला हा कडा लागत नाही, कारण रिबेट निवासींनाच आहे. तो १२ लाखांवर उपकरासह ६२,४०० रुपये भरतो आणि पुढे सरळ १५.६ टक्क्यांच्या चालीने जातो.

कड्यावर उभ्या असलेल्या पगारदाराला एक वाट उरते. नव्या पद्धतीत बहुतेक वजावटी नाहीत, पण मालकाने कर्मचाऱ्याच्या एनपीएस या निवृत्तिवेतन योजनेतल्या खात्यात भरलेली रक्कम मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत वजा होते. कोणत्याही वजावटीची किंमत सीमान्त दराने ठरते. वाढीचे ५०,००० रुपये मालकाने पगाराऐवजी एनपीएसमध्ये भरले, तर करपात्र उत्पन्न १२ लाखांवरच राहते आणि ५२,००० रुपयांचा कर वाचतो. पाचव्या टप्प्यात ५०,००० रुपयांवर २०.८ टक्क्यांनी १०,४०० रुपये लागतात. ठेवीचे व्याज धरले नाही, तर आपल्या अभियंता बाईंच्या करपात्र उत्पन्नातले ४०,००० रुपयेच त्या टप्प्यात आहेत. त्यांनी हीच ५०,००० रुपयांची वजावट घेतली, तर वरचे ४०,००० रुपये २० टक्क्यांच्या आणि उरलेले १०,००० रुपये १५ टक्क्यांच्या टप्प्यातून सुटतात, आणि उपकरासह त्यांचे ९,८८० रुपये वाचतात.