जर्नलमध्ये २७४, पेपरात ७४०

प्रिय विद्यार्थ्यांनो,

युनिट टेस्टचे पेपर तुम्हाला शुक्रवारी मिळतील. त्याआधी दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहायला बसले आहे. तो बहुतेकांचा चुकला, आणि तो ज्या प्रोग्रामवर बेतला होता तो तुम्हा सगळ्यांच्या जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात, समास वगैरे आखून उतरवलेला आहे. दिलेली संख्या उलटी करून दाखवण्याचा हा प्रोग्राम:

```c
int n = 472, r, s = 0;
while (n > 0) {
    r = n % 10;
    s = s * 10 + r;
    n = n / 10;
}
printf("%d", s);
```

याचं आउटपुट २७४. हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल. पेपरात मी एवढंच केलं, की लूपमधली शेवटची ओळ उचलून पहिली ठेवली आणि आउटपुट विचारलं:

```c
while (n > 0) {
    n = n / 10;
    r = n % 10;
    s = s * 10 + r;
}
```

चुकीची उत्तरं मुख्यतः दोन आली: २७४ आणि ७४. बरोबर उत्तर आहे ७४०. दोन्ही चुकांना मार्क सारखेच कापले गेले, पण त्या चुका एका जातीच्या नाहीत, म्हणून दोन्हींबद्दल वेगवेगळं बोलते.

आधी ७४० कसं येतं ते पाहा. कागदावर प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना द्यायचा आणि लूपच्या प्रत्येक फेरीला एक ओळ. कंडिशन तपासतानाची `n` ची किंमत वेगळी लिहायची.

```
n > 0 ?     n    r    s
(start)    472   -    0
472 yes     47   7    7
47  yes      4   4   74
4   yes      0   0  740
0   no
```

तिसरी फेरी नीट बघा. कंडिशन तपासली तेव्हा `n` मध्ये ४ होते, म्हणून लूपमध्ये प्रवेश मिळाला. आत गेल्यावर पहिल्याच ओळीत ४ ला १० ने भागलं. दोन्ही पूर्णांक असल्यामुळे सी भाषेत उत्तर ०.४ येत नाही, ० येतं. आता `n` शून्य झाला, पण लूप तिथल्या तिथे थांबत नाही. कंडिशन पुन्हा तपासली जाते ती फेरी पुरी झाल्यावरच. त्यामुळे उरलेल्या दोन ओळीही चालतात, बाकी शून्य येते, आणि ७४ ला १० ने गुणून त्यात तो शून्य मिळवला जातो. मूळ संख्येतला २ मात्र बाकी काढण्याआधीच भागाकारात उडून गेला.

आता २७४ लिहिणाऱ्यांकडे येते. तुम्ही प्रश्न वाचलाच नाही, तुम्ही तो ओळखलात. `% 10` दिसलं, `s * 10 + r` दिसलं, हा आपला उलट्या संख्येचा प्रोग्राम हे कळलं आणि हात उत्तराकडे गेला. जर्नल उतरवताना नेमका हाच सराव झालेला असतो. डोळा मित्राच्या वहीवरून चार-सहा चिन्हं उचलतो, ती क्षणभर डोक्यात ठेवतो आणि हात ती आपल्या वहीत उतरवतो. कंस सुटू नये, अर्धविराम राहू नये, याकडे लक्ष असतं. पण `n` मध्ये या क्षणी किती आहे, हे त्या संपूर्ण कामात एकदाही विचारावं लागत नाही. अख्खा प्रोग्राम उतरवून होतो आणि `n` ला तुमच्या डोक्यात एकदाही किंमत मिळालेली नसते. खालचं आउटपुटही वहीतूनच आलेलं.

याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे आणि तिचा दोष थोडा तुमच्या गणिताच्या सवयीला जातो. गणितात `=` असलेल्या तीन ओळी म्हणजे तीन विधानं. ती एकाच वेळी खरी असतात, कुठलीही आधी लिहा, काही बिघडत नाही. प्रोग्राममध्ये त्या तीन ओळी म्हणजे तीन कामं आहेत, एकापाठोपाठ एक करायची. `n = n / 10` कागदावर एकदाच लिहिलेलं असलं तरी इथे ते तीनदा घडतं, आणि तिन्ही वेळा `n` वेगळा असतो. कागदावरच्या मजकुरात वेळ दिसत नाही. ती दिसते फक्त वरच्यासारख्या तक्त्यात, ज्याला आपण ड्राय रन म्हणतो. ज्यांनी हा तक्ता कधी केला नाही, त्यांना ओळ वरखाली झाल्याने काही फरक पडेल असं वाटलंच नसणार, यात नवल नाही.

७४ लिहिणाऱ्यांची गोष्ट निराळी. तुमच्यातल्या काहींच्या पेपराच्या कडेला पेन्सिलीने केलेली आकडेमोड मला दिसली. पहिली फेरी बरोबर, दुसरी बरोबर, आणि मग हात थांबला. शेवटचा आकडा उडतो आणि बाकीची संख्या उलटते, असा नियम दोन फेऱ्यांत तुमच्या लक्षात आला आणि पुढचं तुम्ही अंदाजाने लिहिलंत. प्रश्नाची सगळी गंमत मात्र तिसऱ्या फेरीत होती. लूपच्या बाबतीत असं फार वेळा होतं. मधल्या फेऱ्या एकसारख्या असतात, वेगळं काही घडतं ते पहिल्या किंवा शेवटच्या फेरीत, आणि परीक्षक तिथेच बोट ठेवतो.

अर्धवट ड्राय रनचा हा प्रकार संशोधकांनीही नोंदवला आहे. २००४ साली रेमंड लिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात देशांतल्या नवशिक्या विद्यार्थ्यांना छोटे छोटे कोड देऊन त्यांचं आउटपुट विचारलं, आणि काही ठिकाणी रिकाम्या जागी बसणारी योग्य ओळ निवडायला सांगितली. प्रोग्रामिंगचा पहिला अभ्यासक्रम शिकलेली ही मुलं, पण त्यातली पुष्कळ या साध्या कामांत अडखळली. ज्यांनी कागदावर किंमती मांडत उत्तर काढलं, त्यांची उत्तरं जास्त वेळा बरोबर निघाली. पुढे २०१७ साली कॅथरिन कनिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी हाच धागा पुन्हा तपासला. ज्यांनी कागदावर काहीच मांडलं नाही ते मागे पडले, हे त्यांनाही दिसलं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं दुसरं निरीक्षण: अर्धवट ड्राय रन करून सोडणाऱ्यांचं यश काहीच न मांडणाऱ्यांइतकंच कमी होतं. तुमच्या पेपरात मला तेच दिसलं.

एक मात्र मान्य करायला हवं. अशा अभ्यासांतून दोन गोष्टी बरोबर जातात एवढंच कळतं. ड्राय रन केल्यामुळेच उत्तर बरोबर आलं, की मुळात समज असलेली मुलंच ड्राय रन करतात, हे त्यातून ठरत नाही. पण तुमच्या ७४ पुरतं बोलायचं तर शंकेला जागा नाही. एक ओळ आणखी लिहिली असती तर शून्य समोर आला असता.

आता तुमचा नेहमीचा युक्तिवाद: “मॅडम, आदल्या रात्री सगळं येत होतं.” मला ते खोटं वाटत नाही. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार बैठकांत वाचला. दुसऱ्या गटाने एका बैठकीत वाचला आणि उरलेल्या तिन्हींत पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना उताऱ्याचा सुमारे ४० टक्के भाग आठवला, तर आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत अशी, की आपल्या लक्षात राहील याची खात्री जास्त होती ती वाचणाऱ्यांनाच. तो प्रयोग उताऱ्यावरचा होता, कोडवरचा नव्हे. पण रात्री वही डोळ्यांखालून घालताना वाटणारं ‘येतंय’ हे बरंचसं ओळखीचं ‘येतंय’ असतं, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये वहीही नसते, कम्प्युटरही नसतो.

कोड उतरवण्यात काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाही. पहिल्या महिन्यात कंसांची आणि अर्धविरामांची सवय हाताला उतरवूनच लागते. फक्त प्रॅक्टिकल तिथे संपलं असं समजू नका.

उतरवलेल्या कोडमध्ये काय निसटतं, ते पुढच्याच प्रॅक्टिकलमध्ये पाहा. पॅलिंड्रोम, म्हणजे उलटसुलट वाचली तरी तीच राहणारी संख्या ओळखायची. कोड तोच, शेवटी एक `if` जास्त. मागच्या वर्षीच्या जर्नलांमध्ये तिथे `if (s == n)` असं दिसायचं आणि वरची `temp = n;` ही ओळ गायब असायची. एकाच्या वहीत सुटली की त्याच्या मागच्या सगळ्यांच्या वह्यांत सुटते. हा प्रोग्राम कम्पाइल होतो, एकही एरर येत नाही, आणि १२१ ला तो पॅलिंड्रोम नाही म्हणून सांगतो. ड्राय रनची शेवटची ओळ बघितली की कारण लगेच दिसतं. लूप संपतो तोच `n` शून्य झाल्यावर, म्हणजे `if` मध्ये १२१ ची तुलना चालली आहे शून्याशी. मूळ संख्या आधीच `temp` मध्ये जपून ठेवायला हवी होती आणि तुलना तिच्याशी करायला हवी होती. मी ओरलमध्ये `temp` कशाला असा प्रश्न विचारते, तेव्हा “मॅडम, तसंच असतं” हे उत्तर येतं. त्यावरून ड्राय रन झाला की नाही ते मला कळतं.

म्हणून यापुढे जर्नल तपासताना क्रम असा राहील. कोडखाली ड्राय रनचा तक्ता हवा, कंडिशन खोटी ठरते त्या ओळीसकट. हा तक्ता प्रोग्राम कम्प्युटरवर चालवण्याआधी पेनने लिहायचा. नंतर लूपच्या शेवटी `printf("%d %d %d\n", n, r, s);` टाकून प्रोग्राम चालवा आणि स्क्रीनवरच्या ओळी तक्त्याशी ताडून पाहा. जिथे जुळत नाही तिथे खाडाखोड करू नका, तिथे एक खूण करा आणि शेजारी कारण लिहा. मला तपासायची ती खूणच आहे. सगळ्यांच्या तक्त्यात एकच संख्या चालणार नाही. ज्याने त्याने आपल्या रोल नंबरपुढे ४७ लावून होणारी संख्या घ्यायची, म्हणजे शेजारच्याचा तक्ता उपयोगाचा राहणार नाही.

शुक्रवारी येताना वरचे दोन्ही प्रोग्राम `n = 300` घेऊन ड्राय रन करून आणा. एकात ३ आणि दुसऱ्यात ३० येईल. दोन्ही प्रोग्राममध्ये ३०० च्या शेवटचे दोन शून्य नेमके कुठल्या फेरीत आणि कुठल्या ओळीवर गेले, आणि ३० मधला शून्य त्या दोघांपैकी एक आहे की नवाच आला, हे तक्त्यावर बोट ठेवून मला दाखवायचं आहे.

तुमची,
मॅडम