उपवास चालू असताना शुगरची टेस्ट नको
(गर्भवती ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

हरतालिका आणि नवरात्र जवळ आलं की दादरच्या आमच्या लॅबमध्ये हमखास ऐकू येतं, "तसंही आज पोट रिकामंच आहे, तर शुगरची टेस्ट उरकूनच टाकते." कामावर रजा टाकून, गर्दीच्या लोकलने आलेल्या ताईंना आम्ही परत पाठवतो, तेव्हा त्यांना राग येणं साहजिक आहे. आम्ही असं का करतो, ते इथे सांगतो.

ही टेस्ट साधारणपणे पहिल्या तपासणीला आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत होते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला देतात आणि बरोबर दोन तासांनी रक्त घेतात. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. सरकारी पद्धतीत त्यासाठी उपाशीपोटी यावं लागत नाही, आदल्या दिवसांत रोजचं जेवण मात्र झालेलं असावं लागतं. दोन-तीन दिवस पोळी-भात बंद आणि फक्त फळं, चहा यांवर काढले की शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागतं, त्यातून तयार होणारे कीटोन रक्तात आणि लघवीत उतरतात आणि इन्सुलिन सुस्तावतं. अशात एकदम ७५ ग्रॅम ग्लुकोज पोटात गेलं, तर ते वेळेत आवरलं जात नाही आणि मधुमेह नसतानाही आकडा वर जातो.

उदाहरण द्यायचं तर, नवरात्रात सहाव्या माळेला एक ताई आल्या. २६ वा आठवडा, दिवसाला दोन केळी, दूध आणि चहा एवढंच. दुसरीकडे केलेल्या टेस्टचा आकडा १४८ होता आणि लघवीत कीटोन दोन प्लस. घरात रडारड झाली होती. त्यांच्या डॉक्टरांनी दसऱ्यानंतर तीन दिवस नेहमीचं जेवण घेऊन टेस्ट पुन्हा करायला सांगितली. तेव्हा ११६ आला. प्रत्येकीचा वाढलेला आकडा उपवासामुळेच असतो असं नाही, म्हणून रिपोर्ट मनाने बाजूला ठेवू नका, डॉक्टरांना दाखवा आणि उपवासाचंही सांगा.

आता बाळाचं. बाळाची साखर वारेतून आईच्या रक्तातूनच येते, त्यामुळे गरोदर बाईची साखर उपाशी राहिल्यावर इतरांपेक्षा लवकर उतरते आणि कीटोन लवकर चढतात. कीटोन बाळापर्यंतही पोचतात. एखाद्या दिवसाच्या उपवासाने निरोगी बाळाला धोका होतोच, असं डॉक्टर म्हणत नाहीत. त्यांचा खरा आक्षेप निर्जळी उपवासाला असतो. या दिवसांत शरीरातलं रक्त जवळपास दीडपट झालेलं असतं, पाणी कमी पडलं की चक्कर येते, लघवीला जळजळ होते, पोट कडक होऊ लागतं. भाद्रपदातल्या मुंबईच्या दमट हवेत तर घामानेच बरंच पाणी जातं. म्हणून हरतालिका करायचीच असेल तर पाणी, ताक, शहाळं सुरू ठेवून करा. घरच्या मोठ्यांना डॉक्टरांचं नाव सांगा, ऐकतात.

संकष्टीचं वेगळं. चंद्रोदयाला रात्रीचे नऊ-दहा वाजतात. दिवसभर काही नाही आणि मग एकदम साबुदाण्याची खिचडी, म्हणजे दिवसभर साखर खाली आणि रात्री उसळी. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्यापेक्षा दर तीन तासांनी थोडं दही, शेंगदाणे, राजगिऱ्याची भाकरी, वरईची भगर खाल्लेली बरी.

इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, बीपी असेल, जुळी असतील, बाळाची वाढ कमी सांगितली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नका. उपवासात लघवी गडद झाली, हातपाय थरथरले किंवा ग्लुकोमीटरवर ७० पेक्षा कमी दिसलं, तर लगेच काहीतरी गोड खा, उपवास तिथेच सोडा. बाळाची हालचाल कमी वाटली किंवा पोट थांबून-थांबून कडक होत राहिलं, तर लॅबकडे नको, थेट हॉस्पिटलला जा.

टेस्टला येताना आदले तीन दिवस नेहमीसारखं जेवा. सकाळचा चहा घेतला असेल तरी चालेल, फक्त तसं काउंटरवर सांगा. काही डॉक्टर आठ ते दहा तास उपाशी राहून तीन वेळा रक्त द्यायला सांगतात, तेव्हा चिठ्ठी सोबत आणा. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर टेस्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा करतो, त्याचे पैसे घेत नाही. दोन तास बसायला पंखा आणि पाठीची खुर्ची आहे, सोबतच्या माणसालाही जागा आहे. तारीख बदलायला फोन पुरे, शुल्क नाही. गणेश चतुर्थीला लॅब बंद असते, त्यामुळे हरतालिकेच्या आठवड्यातली टेस्ट आधीच्या आठवड्यात घेतलेली चांगली.