दुसरा एसी लावला, युनिट दीडपट आणि बिल मात्र दुप्पट

आमच्या राजारामपुरीत एप्रिल लागला की जिन्यात दोनच विषय असतात, आंबे आणि लाईट बिल. शेजारच्या काकूंनी यंदा मुलाच्या खोलीत दुसरा एसी लावला, आणि मे महिन्याचं बिल हातात घेऊन त्या सरळ आमच्याकडेच आल्या, "अरे, एकच एसी वाढलाय, मग बिल दुप्पट कसं? मीटर पळतोय बघ."

मीटर पळत नव्हता. आधी युनिट होते २४०, आता आले ३९०, म्हणजे वाढले १५०. हे १५० एसीचेच आहेत का ते आधी बघितलं. एसीच्या स्टार लेबलवर वर्षाचा वापर लिहिलेला असतो, तो १६०० तासांचा धरलेला असतो. त्यांच्या दीड टनाच्या थ्री स्टारवर साधारण १००० युनिट होते, म्हणजे तासाला ०.६२५ युनिट, रात्री आठ तास धरले तर महिन्याचे २४० तास, आणि २४० गुणिले ०.६२५ म्हणजे बरोबर १५०. (वर तापलेला स्लॅब किंवा पश्चिमेची भिंत असेल तर यापेक्षा जास्त जातात, लेबलवरचा आकडा ठराविक हवामान धरून काढलेला असतो.)

आता पैसे. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होते हे सगळ्यांना माहितीये, पण त्याचा अर्थ बहुतेक जण चुकीचा लावतात. काकूंना वाटत होतं की ३०० ओलांडले की सगळेच युनिट महागड्या दराने लागतात. तसं नाही. पहिले १०० युनिट कायम पहिल्याच दराने लागतात, तुम्ही ९० वापरा नाहीतर ९००. पुढच्या टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यात पडलेल्या युनिटांना लागतो, त्यामुळे ३०१ वा युनिट महाग पडतो पण आधीचे ३०० जिथल्या तिथे राहतात.

महावितरणचे २०२४-२५ चे दर घेऊन बघू, वीज आकार आणि वहन आकार मिळून. १०० पर्यंत ५.८८ रुपये, १०१ ते ३०० ला ११.४६, ३०१ ते ५०० ला १५.७२, त्याच्या वर १७.८१. वर १६ टक्के वीज शुल्क. दर बदलत राहतात, त्यामुळे तुमच्या बिलावर छापलेले दर घ्या, पद्धत हीच.

काकूंचे आधीचे २४० युनिट: पहिल्या १०० चे ५८८, पुढच्या १४० चे १६०४, शुल्क धरून साधारण २५४३ रुपये. नंतरचे ३९० चे शुल्कासकट ४९८२. फरक २४३९. स्थिर आकार आधीही तेवढाच होता म्हणून तो धरलाच नाही, इंधन समायोजनही बाजूला ठेवलंय.

खरी गोष्ट इथे आहे. काकूंनी एसी घेताना जुनं बिल भागिले युनिट असा हिशोब केला होता, म्हणजे साडेदहा रुपये युनिट, दीडशे युनिटचे सोळाशे रुपये. पण नवीन युनिट सरासरी दराने येतच नाहीत, ते आधीच्या ढिगाच्या वर जाऊन बसतात. १५० पैकी ६० दुसऱ्या टप्प्यात बसले, उरलेले ९० तिसऱ्यात गेले, आणि एसीचा युनिट शुल्कासकट सव्वासोळा रुपयांना पडला.

आणि म्हणूनच "एसीला महिन्याला किती येतं" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. तोच एसी, तेवढेच तास, पण ज्या घरात आधी फक्त ६० युनिट होते तिथे १७३५ रुपयेच वाढतील, कारण त्याचे ४० युनिट पहिल्याच टप्प्यात बसतात. जिथे आधीच ४२० आहेत तिथे २९०० च्या वर.

काकू म्हणाल्या, "म्हणजे मुलाचाच एसी महाग पडतो होय?" तसंही नाही, कारण मीटरला कुठला युनिट कोणाचा ते कळत नाही. गिझर कमी चालवला किंवा जुना एसी तासभर आधी बंद केला तरी वाचतात ते सगळ्यात वरचेच युनिट, म्हणजे शुल्क धरून १८ रुपये २४ पैशांचे. त्यांच्या घरात ३० युनिट कमी झाले तर साडेपाचशे रुपये वाचतात, आणि ९० कमी झाले की त्याखालचा, १०० पर्यंतचा प्रत्येक युनिट तेरा रुपये एकोणतीस पैसेच वाचवतो.

स्वतःच्या घरात बघायचं असेल तर रात्री दहाला मीटरवरचा केडब्ल्यूएच आकडा वहीत लिहा, सकाळी सहाला परत लिहा. एक रात्र एसी लावून, एक रात्र न लावता, बाकी सगळं सारखंच ठेवून. दोन्हींतला फरक गुणिले तीस, आणि ते युनिट तुमच्या नेहमीच्या आकड्यावर रचून बघा. काकूंनी केलं, पाच युनिट आले. आता सकाळी चारला एसी बंद व्हायचा टायमर लावलाय त्यांनी, पहाटे रंकाळ्याकडून जरा वारा येतो तोवर.