०.०४ ची अट

१९५२ साली कर्टिस आणि हिर्शफेल्डर यांनी एका जातीच्या समीकरणांना ‘स्टिफ’ हे नाव दिलं. त्यातलं एक साधं समीकरण घेऊ:

y' = -50(y - cos t), y(0) = 0

उत्तर ० पासून निघतं, झपाट्याने वर चढून cos t ला गाठतं आणि मग त्याच्या सोबतीने सावकाश चालतं. चढण्याचा भाग e^(-50t) या वेगाने विरतो. t = ०.१ ला त्याचा शंभरावा हिस्साही उरत नाही.

आता फॉरवर्ड ऑयलर पद्धत वापरू. आत्ताच्या बिंदूवरचा उतार घ्यायचा आणि त्याच दिशेने h लांबीची पायरी टाकायची. h = ०.०५ घेऊन कॅल्क्युलेटरवर करून पाहा: ०, २.५, −१.२५, ४.३७, −४.०८. खरं उत्तर या वेळेला ०.९८ च्या आसपास शांत असतं.

असं का होतं? समजा, उत्तरात थोडी चूक आहे. एका पायरीनंतर ती (1 - 50h) पट होते. h = ०.०५ असेल तर −१.५ पट, म्हणजे दर पायरीला चिन्ह उलटतं आणि चूक दीडपट होते. तीस पायऱ्यांत ती जवळपास १,९०,००० पट फुगते. चूक वाढू नये यासाठी h हा २/५० म्हणजे ०.०४ पेक्षा लहान हवा. आलेखात एक बिंदू वर, एक खाली अशी करवत दिसली आणि पायरी निम्मी करताच ती नाहीशी झाली, तर दोष स्थिरतेचाच समजावा.

मला सगळ्यात खटकतं ते पुढचं. t = १ नंतर तो वेगवान भाग कधीच विरलेला असतो, उत्तर cos t इतकंच सावकाश बदलत असतं, तरीही ०.०४ ची अट सुटत नाही. नसलेल्या घाईसाठी आपण शेवटपर्यंत बारीक पावलं टाकत राहतो.

इम्प्लिसिट पद्धत, म्हणजे बॅकवर्ड ऑयलर, उतार पुढच्या बिंदूवर घेते. तो बिंदू अजून माहीत नसतो, म्हणून आधी समीकरण सोडवावं लागतं. इथे ते सोपं आहे:

y_new = (y_old + 50h·cos t_new)/(1 + 50h)

आता चूक दर पायरीला 1/(1 + 50h) पट होते. h कितीही मोठा घेतला तरी हा गुणक १ पेक्षा लहानच राहतो. त्याच h = ०.०५ ला ०, ०.७१, ०.९१, ०.९७, ०.९८ असे आकडे येतात. सुरुवातीची चढण इथेही नीट पकडली जात नाही. पहिल्या पायरीला खरं उत्तर ०.९२ होतं. पण ती चूक पुढे मरते. चढण संपल्यावर h = ०.५ ठेवला तरी चूक ०.००५ च्या आसपासच राहते.

याची किंमत प्रत्येक पायरीला मोजावी लागते. शेकडो रसायनांची अभिक्रिया असेल, तर दर पायरीला तितक्याच अज्ञातांची समीकरणं एकत्र सोडवायची, आणि ती सरळ रेषेतली नसतील तर न्यूटनच्या पद्धतीने पुन्हापुन्हा. तरीही दहा लाख सोप्या पायऱ्यांऐवजी शंभर अवघड पायऱ्यांत काम होत असेल, तर मी अवघड पायऱ्याच घेईन.