मका आला, चुना मागे राहिला

कोलंबसाच्या सफरींनंतर अटलांटिक ओलांडून युरोपात आलेल्या पिकांमध्ये मक्याने गरिबांचं पोट सगळ्यात आधी धरलं. त्या काळी युरोपातल्या शेतात गव्हाचा एक दाणा पेरला की चार-सहा दाणे हाती यायचे, आणि त्यातूनच पुढच्या वर्षाचं बियाणं बाजूला काढावं लागायचं. मक्याच्या एका कणसातच शेकडो दाणे! उत्तर इटलीत तो चांगला रुजला. जमीनदाराचा गहू बाजारात जायचा आणि कुळाच्या घरात मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं, म्हणजे पोलेंटा, शिजायचं. तेवढ्याच जमिनीवर आता जास्त तोंडं भरू लागली, लोकसंख्या वाढली. मात्र हिवाळ्यात बऱ्याच घरांत पोलेंट्याशिवाय दुसरं काही नसायचं.

मग वसंतात, ऊन चढलं की, शेतमजुरांच्या हातांवर आणि गळ्याभोवती लालसर चट्टे उठायचे. कातडी जाड, खरखरीत व्हायची. पुढे जुलाब, मग भ्रम, आणि अखेर मृत्यू. स्पेनमधल्या अस्तुरियास प्रांतातल्या गास्पार कासाल या वैद्याने १७३५ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. रोगी बहुतेक मका खाणारे गरीब आहेत, हे त्याच्या लक्षात आलं होतं. इटलीत याला ‘पेलाग्रा’ म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे सुमारे लाखभर रोगी होते.

पण मेक्सिकोत तर हजारो वर्षं लोक मकाच खात होते. त्यांना हा आजार का होत नव्हता?

तिथल्या बायका मका सरळ दळत नसत. वाळलेले दाणे चुन्याच्या पाण्यात उकळायचे, रात्रभर तसेच भिजू द्यायचे, सकाळी चोळून धुतले की वरचं साल सुटून येतं. मग ते ओले दाणे पाट्यावर वाटून त्याच्या पातळ पोळ्या भाजायच्या. (आपल्याकडे चुना तंबाखूला लागतो, तीही अमेरिकेतूनच आली.) मक्यात नायसिन, म्हणजे ब३ जीवनसत्त्व, असतं; पण त्यातलं बरंचसं दाण्यातल्या तंतुमय पदार्थांना असं जखडलेलं असतं की आपल्या आतड्यांना ते सोडवता येत नाही. चुन्याच्या अल्कधर्मी पाण्यात ही बंधनं तुटतात. शिवाय त्यांच्या शेतात मक्याच्या ताटांवर घेवड्याचे वेल चढलेले असत. आपलं शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासूनही थोडं नायसिन बनवतं. मक्याच्या प्रथिनात ते फारच कमी असतं आणि घेवडा ती उणीव भरून काढतो.

जीवनसत्त्वाची कल्पना ना त्या बायकांना होती, ना स्पॅनिश लोकांना. चुन्याचा डोळ्यांना दिसणारा उपयोग एवढाच: साल निघतं, पीठ चिकट होतं, पोळी थापता येते. युरोपात पाणचक्क्या होत्या, त्या कोरडा दाणा सालासकट भरडायच्या. आणि पोलेंटा काही थापायचा नसतो. मग एवढा खटाटोप कोण करणार? माझ्या मते यात कोणाच्या मूर्खपणाचा प्रश्न नाही. दिसणारं कारण संपलं, म्हणून न दिसणारा फायदाही हातचा गेला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाच आजार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिणेत, कापसाच्या पट्ट्यात, थैमान घालू लागला. तिथल्या गरिबाचं ताट बघण्यासारखं आहे: मक्याचं पीठ, खारवलेली डुकराची चरबी आणि उसाची काकवी. मका तिथलाच, डुक्कर युरोपातून आलेलं, ऊस मूळचा आशियाकडचा. तीन खंड एका ताटात, आणि नायसिन जवळपास नाही. डॉक्टर हा संसर्ग समजत होते. सरकारी आरोग्यसेवेतल्या जोसेफ गोल्डबर्गरला खटकलं ते असं, की अनाथाश्रमांतली मुलं आजारी पडतात, कर्मचारी मात्र धडधाकट राहतात. १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या एका तुरुंगाच्या शेतावर त्याने अकरा धट्ट्याकट्ट्या कैद्यांना, शिक्षामाफीच्या बोलीवर, असंच निकृष्ट अन्न काही महिने दिलं. सहा जणांना चट्टे उठले. आज अशा प्रयोगाला कोणी परवानगी देणार नाही. तरीही अनेकांना पटलं नाही, तेव्हा त्याने आणि सहकाऱ्यांनी रोग्यांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. कोणालाही पेलाग्रा झाला नाही. नेमका घटक सापडायला १९३७ साल उजाडलं, तोवर गोल्डबर्गर हयात नव्हता.

इटलीतला पेलाग्रा मात्र त्याआधीच ओसरू लागला होता. मजुरी वाढली, ताटात आणखी काही पडू लागलं. आजार मक्याचा कमी आणि फक्त मक्यावर जगायला लावणाऱ्या गरिबीचा जास्त होता.

मलावीत १९९० साली हे पुन्हा दिसलं. मोझांबिकहून आलेल्या निर्वासितांना शिध्यात मका मिळे आणि सोबत शेंगदाणे. शेंगदाणाही मूळचा दक्षिण अमेरिकेचा, नायसिनने भरलेला. त्याचा पुरवठा काही महिने खंडला, आणि त्या वर्षी छावण्यांत पेलाग्राचे सुमारे १८ हजार रोगी नोंदले गेले.