केबलच्या अंगावरची ओळ कशी वाचायची

लॅन केबलच्या जॅकेटवर बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते आणि ती थोड्या थोड्या अंतराने पुन्हा पुन्हा येते. बहुतेक ग्राहक तिच्यातलं फक्त 'कॅट सिक्स' वाचून बॉक्स घेतात. तेवढ्यावरून वेग कळतो. पण ती केबल इमारतीत कुठे टाकायची आणि कुठे टाकायची नाही, हे त्याच ओळीत पुढे लिहिलेलं असतं. नेहमी दिसणाऱ्या दोन ओळी अशा असतात (कंपनीचं नाव आणि फाइल क्रमांक वगळून):

```
CAT6 U/UTP 4PR 23AWG 75C CMR (UL) E****** 0187M
CAT6 U/UTP 4PR 23AWG LSZH IEC 60332-1-2 0042M
```

तारेची जाडी

तेवीस एडब्ल्यूजी म्हणजे अमेरिकन गेजमधली जाडी. इथे आकडा वाढला की तार बारीक होते. २३ नंबरची तार ०.५७ मिलिमीटर व्यासाची, २४ ची ०.५१ आणि २६ ची ०.४०. आकडा तीनने वाढला की तांबं जवळजवळ निम्मं होतं. मोटर वाइंडिंगच्या दुकानातली गेजपट्टी मात्र बहुधा एसडब्ल्यूजीची, म्हणजे ब्रिटिश मापाची असते. तिच्यावर २३ ची अमेरिकन तार २४ च्या जवळ भरते. तेवढ्यावरून दुकानदाराने फसवलं असं समजू नका.

जाडीचा खरा प्रश्न येतो तो केबलमधूनच वीज जाणाऱ्या कॅमेऱ्यांना. तार बारीक असली किंवा तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असलं, की दिवसा नीट चालणारा कॅमेरा रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की बंद पडून पुन्हा सुरू होतो. अशा केबलवरही २३ किंवा २४ छापलेलं असतंच, म्हणून छापील आकडा तपासून घ्यावा. ब्लेडने तार खरवडा. आत चंदेरी दिसली तर ते अॅल्युमिनियम. त्याहून पक्की खूण मल्टिमीटर देतो. १०० मीटर केबलच्या एका जोडीच्या दोन तारा दूरच्या टोकाला एकत्र पिळा आणि जवळच्या टोकाला रोध मोजा. तांब्याची २३ नंबरची तार असेल तर सुमारे १३ ते १४ ओहम येतात, २४ ची असेल तर सुमारे १७. कॅट सिक्सच्या मानकात यासाठी १९ ओहमच्या आतली मर्यादा आहे. आकडा वीसच्या पुढे गेला तर ती केबल परत करा.

सीएमआर, सीएमपी आणि मंडळी

ही अक्षरं अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमधून आली आहेत. आपल्याकडे तो कायदा नाही, पण मोठ्या कंपन्यांच्या टेंडरमध्ये ती मागितली जातात आणि बाजारातल्या बऱ्याच केबलवर छापलेली असतात. त्यांतून मुख्यतः एक गोष्ट कळते: आग लागली तर ही केबल ज्वाला किती पुढे नेईल.

सीएमआर म्हणजे रायझर. एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाणाऱ्या उभ्या शाफ्टसाठी ती असते. तिची चाचणीही उभ्या शाफ्टसारख्याच रचनेत होते आणि ज्वाला वरच्या मजल्यापर्यंत चढता कामा नये. सीएमपी म्हणजे प्लेनम, ही सगळ्यांत कडक पायरी. एसीची परतीची हवा जिथून वाहते त्या पोकळीसाठी ती असते. ज्वाला दीड मीटरपलीकडे सरकली किंवा धूर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त झाला तर केबल नापास. नुसतं सीएम किंवा सीएमजी या दोघींच्या खाली आणि सीएमएक्स सगळ्यांत खाली. वरच्या पायरीची केबल खालच्या जागी चालते, उलट चालत नाही.

फॉल्स सीलिंग प्लेनम आहे की नाही, हे एक टाइल उचलून पाहता येतं. छतातल्या परतीच्या जाळीला वर डक्ट जोडलेली असेल तर हवा डक्टमधूनच जाते आणि पोकळी साधी असते. जाळी थेट पोकळीत उघडत असेल आणि एसीचं मशीन तिथूनच हवा ओढत असेल, तर ती पोकळी प्लेनम. तिथे जळलेल्या केबलचा धूर एसीच सगळ्या मजल्यावर पोहोचवतो.

एलएसझेडएच वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे

सर्वांत मोठा गोंधळ इथे होतो. एलएसझेडएच म्हणजे कमी धुराचं आणि हॅलोजन नसलेलं जॅकेट. साध्या पीव्हीसीत क्लोरीन असतं. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि ओलावा मिळाला की त्याचं आम्ल बनतं. ते डोळ्यांना आणि फुप्फुसांना त्रास देतं, शिवाय सर्व्हरचे बोर्डही गंजवतं. एलएसझेडएच त्यासाठी आहे. ज्वाला किती पुढे जाईल हे मात्र ते सांगत नाही. ते त्याच्या पुढच्या आयईसी या आंतरराष्ट्रीय चाचणी-मानकाच्या क्रमांकावरून कळतं.

६०३३२-१ ही एकट्या केबलच्या ६० सेंटीमीटर तुकड्याची चाचणी आहे. ६०३३२-३ मध्ये साडेतीन मीटरच्या केबलींचा जुडगा शिडीवर बांधून वीस ते चाळीस मिनिटं जाळतात. एकटी केबल विझते, पण जुडग्यात केबली एकमेकींना पेटवत ठेवतात. म्हणून शाफ्टसाठी पहिला क्रमांक पुरेसा धरू नये.

शिवाय एलएसझेडएच केबल आपोआप प्लेनम ठरत नाही, तशी प्लेनम केबलही हॅलोजनमुक्त असेलच असं नाही. प्लेनम केबलच्या तारांवर बहुधा फ्लोरीनयुक्त प्लास्टिक असतं, आणि फ्लोरीनही हॅलोजनच.

आमच्याकडे आलेलं एक काम सांगतो. तीन मजल्यांचं ऑफिस, तळमजल्यावर सर्व्हर, प्रत्येक मजल्याच्या रॅककडे शाफ्टमधून २४ केबली जायच्या होत्या. ग्राहकांनी सगळीकडे चालेल म्हणून वरच्या दुसऱ्या ओळीसारखी एलएसझेडएच आधीच आणून ठेवली होती. शाफ्टसाठी आम्ही ती नाकारली आणि सीएमआर वापरली. दोन मजल्यांवर परतीच्या हवेला डक्ट होती, तिथे त्यांचीच एलएसझेडएच छतातून टेबलांपर्यंत टाकली आणि ती जागा तिला योग्यच होती. तिसऱ्या मजल्यावर जाळी थेट पोकळीत उघडत होती, म्हणून तिथे सीएमपी घेतली. खर्च वाढला, पण फक्त त्या एका मजल्याचा. आणलेले बॉक्स वाया गेले नाहीत.

घरातल्या विजेच्या वायरीबद्दलही एक सांगायला हवं. एफआरएलएस म्हणजे हॅलोजनमुक्त असं पुष्कळ जण समजतात. ती पीव्हीसीच असते, फक्त धूर आणि आम्लवायू कमी सोडणारी. हॅलोजनमुक्त हवी असेल तर वायरीवर एचएफएफआर आणि आयएस १७०४८ हा क्रमांक पाहा.

ओळीतली शेवटची दोन चिन्हं

कंसातल्या यूएल नंतर ई आणि काही आकडे असतात. तो उत्पादकाचा फाइल क्रमांक. यूएलच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो, आणि तिथे दुसऱ्याच कंपनीचं नाव निघालं तर बॉक्स घेऊ नका. नुसतं सीएमआर छापलेलं आहे पण यूएल किंवा दुसऱ्या प्रमाणन संस्थेची खूण नाही, अशा केबलला आम्ही रायझर धरत नाही.

सर्वांत शेवटी मीटरचा आकडा असतो. केबल ओढून झाली की दोन्ही टोकांचे आकडे वजा करा, लांबी मिळते. भिंतीतली कायमची केबल ९० मीटरच्या आत ठेवायची असते, म्हणून आम्ही हे आकडे प्रत्येक पॉइंटच्या नोंदीत लिहून देतो. जुन्या केबलवरची ओळ लागत नसेल तर सलग अर्धा मीटर दिसेल असा फोटो आणि ती केबल कुठून कुठे जाते एवढं आम्हाला पाठवा.